या महिन्यात पाचच चेहरे

‘ऑक्टोबरच्या ऑर्डर सुरू. फक्त ५ पोर्ट्रेट. ए-४ ३,५०० रुपये, ए-३ ६,००० रुपये, ए-२ ११,००० रुपये. दर एका चेहऱ्याचा, पुढच्या प्रत्येक चेहऱ्याला ७० टक्के जादा. निम्मी रक्कम आगाऊ. फोटो पाहिल्याशिवाय ऑर्डर पक्की होत नाही. फ्रेम आणि कुरिअर वेगळे.’

पेन्सिलीने किंवा कोळशाने फोटोवरून व्यक्तिचित्र काढून देणारे चित्रकार महिन्याच्या सुरुवातीला साधारण अशा मजकुराची जाहिरात करतात. वरचे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. कोणाचे याच्या निम्मे असतील, कोणाचे चौपट. पण सांगाडा बहुतेक ठिकाणी हाच: मोजक्या जागा, कागदाच्या आकारावर दर, आणि ऑर्डर देण्याची ठरलेली रीत. वाचणाऱ्याला यातली पहिली गोष्ट नखरा वाटते, दुसरी कापडाच्या दुकानासारखी वाटते आणि तिसरी कटकट. चित्रकाराच्या टेबलाशी थोडा वेळ बसलं की तिन्हींमागचा हिशेब दिसू लागतो.

आधी पाचाचा आकडा. बारकाईचं पेन्सिलकाम करणारा माणूस दिवसाला आठ तास चित्र काढत नाही, काढू शकत नाही. चार-साडेचार तासांनंतर हात चालतो, पण डोळा चुकू लागतो. गालावरची करडी छटा आणि हनुवटीखालची करडी छटा यांतला फरक थकलेल्या डोळ्याला दिसेनासा होतो आणि सगळा चेहरा एकाच करड्या रंगाचा होत जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र आरशात उलटं धरून पाहिलं की आदल्या संध्याकाळी काय बिघडलं ते लगेच कळतं. म्हणून महिन्याचे चोवीस दिवस, दिवसाचे साडेचार तास, असे एकशे आठ तास हातात येतात. ए-३ कागदावरच्या एका चेहऱ्याला अठरा तास धरा. फोटोंची निवड, घरच्यांशी बोलणं, चित्राचे फोटो काढून पाठवणं, बांधाबांध यांत प्रत्येक ऑर्डरमागे आणखी तीन तास जातात. पाच चित्रांचे एकशे पाच तास झाले. उरले तीन तास, त्यात आजारपण आणि वीज जाणंही बसवायचं.

अठरा तास कशाला लागतात, हा पुढचा प्रश्न. पेन्सिलीतलं ग्राफाइट कागदाच्या खरखरीत पृष्ठभागावर, त्याच्या बारीक उंचवट्यांवर अडकून बसतं. चित्रकार त्या खरखरीला कागदाचे दात म्हणतात. आधी एचबीने हलका थर द्यायचा, मग २बी, मग ४बी, असं थरावर थर चढवत गेलं तर त्वचेचा मऊपणा येतो. घाई करून पहिल्याच हाताला जोर दिला की दात दबतात, भरून जातात आणि त्यावर पुढचा थर धरतच नाही. तो भाग चकचकीत, शिसवी दिसायला लागतो. खोडरबरानेही तो पूर्ववत होत नाही. शिवाय ग्राफाइटचा सगळ्यात गडद रंगही खरा काळा नसतो, तो चमकणारा गडद करडा असतो. त्यामुळे काळ्याभोर केसांसाठी आणि बाहुलीसाठी बरेच जण कोळशाची पेन्सिल वापरतात, आणि कोळसा व ग्राफाइट एकमेकांवर नीट बसत नाहीत. कुठे काय वापरायचं ते आधीच ठरवून ठेवावं लागतं.

तैलचित्राचा हिशेब निराळा. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट होतं. त्यामुळे एक थर सुकेपर्यंत दुसऱ्या कॅनव्हासवर काम करता येतं, तीन-चार चित्रं एकदम चालू ठेवता येतात. पण प्रत्येक चित्र पुरं व्हायला महिना-दोन महिने लागतात आणि शेवटचं व्हार्निश तर परंपरेने सहा महिने ते वर्षभरानंतर द्यायचं असतं. पावसाळ्यात कोकणात ही वाट आणखी लांबते. पेन्सिलवाला ‘या महिन्यात पाच’ म्हणतो आणि तैलचित्रवाला ‘पुढचं चित्र फेब्रुवारीत’ म्हणतो, तो फरक इथला.

हे सगळं नव्याने निघालेलं नाही. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये सर जोशुआ रेनॉल्ड्सकडे चित्र काढून घ्यायला येणाऱ्यांच्या वेळा त्याच्या खिशातल्या वह्यांत लिहिलेल्या असत. त्यांतल्या बऱ्याच वह्या आजही आहेत. त्याचा दर कॅनव्हासच्या आकाराप्रमाणे होता. १७८२ पासून डोक्यापुरतं चित्र ५० गिनी, अर्ध्या उंचीचं १०० गिनी आणि पूर्ण उंचीचं २०० गिनी. यांच्या मधला ३६ बाय २८ इंचांचा एक आकार होता, ‘किट-कॅट’ नावाचा. त्यात चेहऱ्याबरोबर एखादा हात बसायचा. निम्मे पैसे सुरुवातीलाच द्यायचे, हा तेव्हाच्या लंडनमधल्या अनेक चित्रकारांचा शिरस्ता होता. आपल्या जाहिरातीतला ए-४, ए-३ आणि ‘निम्मी रक्कम आगाऊ’ याच घराण्यातले. एक फरक मात्र मोठा आहे. रेनॉल्ड्स मुख्यतः चेहरा रंगवायचा, कपडे आणि पडदे रंगवायला त्याच्याकडे पगारी माणसं होती. म्हणून १७५८ साली त्याच्याकडे सुमारे दीडशे माणसं बसू शकली. आज कोल्हापुरात किंवा कल्याणमध्ये दोन खोल्यांच्या घरात काम करणाऱ्याला पदरही स्वतःच काढायचा असतो आणि त्याची जरही.

आता आकाराकडे येऊ. ए-४ म्हणजे २१ बाय २९.७ सेंटिमीटर. ए-३ त्याच्या बरोबर दुप्पट, ए-२ आणखी दुप्पट. कागद दुप्पट झाला तर दरही दुप्पट का होत नाही, असं विचारणारे असतात, आणि कागद निम्मा केला तर दर निम्मा का नाही, असं विचारणारे त्याहून जास्त. उत्तर कागदात सापडत नाही, कागदावर पडणाऱ्या चेहऱ्याच्या मापात सापडतं.

चित्रकलेच्या वर्गात पहिल्या काही धड्यांत शिकवतात की डोक्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी असते आणि रुंदी उंचीच्या दोन तृतीयांश. ए-४ वर एकच माणूस घेतला तर डोक्याची उंची १४ ते १५ सेंटिमीटर ठेवता येते. रुंदी दहाच्या आसपास, म्हणजे एक डोळा २ सेंटिमीटरचा. त्याच कागदावर आजी-आजोबा, मुलगा, सून आणि नातू अशी पाच माणसं बसवली की डोकं ५ सेंटिमीटरवर येतं आणि डोळा जेमतेम ७ मिलिमीटरचा उरतो. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते. पहिल्या चित्रात पापणी अर्ध्या मिलिमीटरने चुकली तर ती चूक डोळ्याच्या अडीच टक्के आहे, खपून जाते. दुसऱ्यात तीच चूक सात टक्के होते आणि आजोबा रागावलेले किंवा झोपाळू दिसायला लागतात. लहान चेहऱ्यात काम कमी नसतं, चुकायला जागा कमी असते.

म्हणूनच जाणता चित्रकार ए-४ वर दोनाहून जास्त चेहरे घेत नाही, आणि ए-४ पेक्षा लहान कागदाचा दर फारसा उतरवत नाही. उलट बाजूला, ए-२ वर गेल्यावर पार्श्वभूमी आणि कपडे दुप्पट-चौपट वाढतात, पण ते रुंद पेन्सिलीने, कापसाने, ब्रशने भरता येतात. खरी मेहनत वाढते ती चेहऱ्यात. फोटोत न दिसणारी केसांची बट, भुवईतला एकेक केस, कपाळावरची बारीक रंध्रं मोठ्या चित्रात दाखवावीच लागतात, नाहीतर तो भाग पोकळ दिसतो. आणि ही माहिती फोटोत नसेल तर मोठा कागद घेऊन काही मिळत नाही. ए-२ चे पैसे द्यायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाला ‘तुमच्या फोटोला ए-४ पुरे’ असं सांगणारा चित्रकार भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

हात हा असाच एक मुद्दा. जाहिरातीत क्वचितच लिहिलेला असतो, पण अनुभवी माणूस विचारून घेतो. कमरेपर्यंतच्या चित्रात मांडीवर ठेवलेले दोन हात आले की काम चेहऱ्याच्या निम्म्याने वाढतं. बोटं चुकली तर चेहरा कितीही जमलेला असो, नजर बोटांकडेच जाते.

फोटो तपासण्याच्या पायरीवर सर्वांत जास्त ऑर्डरी परत जातात. मोबाइलच्या पडद्यावर सुरेख दिसणारा फोटो चित्राला पुरेल असं नाही. ए-३ वर चेहरा १८ सेंटिमीटर उंच काढायचा आहे आणि फोटोतल्या चेहऱ्याची उंची १५० पिक्सेल आहे असं समजा. वरच्याच प्रमाणाने डोळ्याच्या वाट्याला वीस पिक्सेल येतात. कागदावर एकेक पिक्सेल सव्वा मिलिमीटरचा होतो. पापणीचे केस त्यात नाहीत, बुबुळाची कड नाही, नजर कुठे आहे तेही नीट नाही. ते सगळं चित्रकाराला मनाने घालावं लागेल आणि तिथेच माणूस बदलतो. चेहऱ्याची उंची हजार पिक्सेलच्या आसपास असेल तर निश्चिंत काम करता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. गेल्या महिन्यात नाकारलेला फोटो या एका बदलाने चालून जातो, असं अनेकदा घडतं.

सेल्फी मात्र कितीही स्पष्ट असला तरी चांगले चित्रकार टाळतात. हाताच्या अंतरावरून घेतलेल्या फोटोत कॅमेऱ्याला नाक सर्वांत जवळ असतं, ते फुगतं, कान मागे जाऊन लहान होतात. स्क्रीनवर आपल्याला याची सवय झालेली आहे. तेच मोठ्या कागदावर काढलं की घरचे म्हणतात, ‘काहीतरी वेगळं दिसतंय’, आणि काय ते त्यांना सांगता येत नाही. दीड-दोन मीटर लांब उभं राहून, थोडं झूम करून, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून काढलेला फोटो चेहऱ्याचं प्रमाण राखतो.

जुन्या फोटोंची तऱ्हा आणखी वेगळी. पासपोर्ट आकाराच्या फोटोत चेहरा साधारण तीन सेंटिमीटर उंच असतो. तो ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर सातशे पिक्सेल मिळतात. १२०० वर केला तर आकडा दुप्पट होतो, पण बराचसा फोटोच्या कागदाचा दाणा वाढतो, चेहरा तेवढाच राहतो. आणि जुन्या स्टुडिओतले लोक निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने सुरकुत्या आणि डाग भरून काढत. ‘बाबांचा किती स्वच्छ फोटो आहे!’ म्हणून जो पुढे येतो, त्याच्या कपाळावरच्या आठ्या पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी पुसून टाकलेल्या असतात. चित्रकारापुढे आधीच एक पेन्सिलचित्र आलेलं असतं म्हणा ना.

आता एक ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. समजा, नाशिकच्या घरात वडिलांचं वर्षश्राद्ध आहे. वडील गेले २० नोव्हेंबरला. मुलांना वडिलांचं आणि आईचं एकत्र चित्र हवंय. वडील पन्नाशीत असतानाचा एक कृष्णधवल पासपोर्ट फोटो आहे, आईचा फोटो नातवाने दिवाळीत गॅलरीत काढलेला आहे. १ ऑक्टोबरला ते चित्रकाराला विचारतात आणि सांगतात, ‘२० नोव्हेंबरपर्यंत हवं.’

मराठी घरांशी व्यवहार करून शहाणा झालेला चित्रकार इथे पहिला प्रश्न करतो: तारखेने की तिथीने? पंचांगाचं वर्ष ३५४ दिवसांचं. मधे अधिक महिना आला नसेल तर तिथी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, म्हणजे २० ऐवजी ९ नोव्हेंबर. अधिक महिना येऊन गेला असेल तर अठरा-एकोणीस दिवस पलीकडे जाते. हा प्रश्न न विचारल्यामुळे श्राद्ध होऊन गेल्यावर पोचलेली चित्रं आहेत. शिवाय त्याच सुमारास दिवाळी असते, फ्रेमवाले आणि कुरिअरवाले बंद असतात. मुदत ठरते ती ९ तारखेची आणि मागे मोजत मोजत चित्र ऑक्टोबर संपायच्या आत हातावेगळं करायचं ठरतं.

दुसरी अडचण दोन फोटोंची. वडिलांच्या फोटोत स्टुडिओचे दिवे समोरून आहेत, चेहऱ्यावर सावली जवळजवळ नाही. आईच्या फोटोत उजेड डावीकडून येतो, तिचा अर्धा चेहरा अंधारात आहे. नातू उंच आणि आई खुर्चीत, त्यामुळे कॅमेरा वरून खाली पाहतोय. कपाळ मोठं, हनुवटी आखूड. हे दोघं एका कागदावर आणले तर एकाच खोलीत बसलेले कधीच वाटणार नाहीत. कितीही कुशल शेडिंग केलं तरी पाहणाऱ्याला कुठेतरी खटकत राहतं. उपाय एकच, आणि तो सोपाही आहे: जो माणूस आपल्यात आहे त्याचा फोटो पुन्हा काढायचा. आईला घराच्या उघड्या दाराकडे तोंड करून, ऊन न लागेल अशा बेताने बसवायचं. समोरून सारखा उजेड येईल. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, दोन मीटरवरून.

उरतो वयाचा प्रश्न. पन्नाशीचे वडील आणि अडुसष्ट वर्षांची आई शेजारी आले तर अनोळखी माणूस त्यांना आई-मुलगा समजेल. घरच्यांना आधी हे सुचत नाही, रेखाटन पाहिल्यावर धक्का बसतो. मुलं म्हणतात, बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये दोघांचा एकत्र फोटो आहे, तो घ्या. पण त्या ग्रुप फोटोत चेहरा सहा मिलिमीटरचा आहे, ६०० डीपीआयवरही एकशे चाळीस पिक्सेल. चित्राला तो पुरत नाही. तरीही तो मागवावा, कारण त्यातून दुसरी एक गोष्ट कळते: दोघं शेजारी उभे असताना कोणाचं डोकं केवढं, खांदा कुठे येतो. दोन वेगळ्या फोटोंवरून चित्र करताना ही प्रमाणंच हमखास चुकतात आणि एकाचं डोकं दुसऱ्यापेक्षा उगाच मोठं होतं. वयाबद्दल घरचे शेवटी ठरवतात की वडिलांचे कानशिलावरचे केस पांढरे करायचे, गालांची घडी थोडी खोल करायची. आठ-दहा वर्षांचं अंतर इतक्याने भरून निघतं. त्यापुढे गेलं तर ते वडील राहत नाहीत.

पैशांचं गणित सरळ आहे. ए-३ चे ६,००० आणि दुसऱ्या चेहऱ्याचे ७० टक्के म्हणजे ४,२००. एकूण १०,२००, पैकी ५,१०० आधी. दुसऱ्या चेहऱ्याला सूट असण्याचं कारण कागद, बांधाबांध आणि बोलणी एकदाच होतात. बाकी काम तेवढंच. बरेच जण अशा ऑर्डरीला दोन जागा धरतात, म्हणून ‘फक्त ५’ लिहिलेलं असतं तेव्हा प्रत्यक्षात तीनच घरांना चित्र मिळतं असंही होतं.

फोटो ठरल्यावर आठवडाभरात रेखाटन येतं, नुसत्या रेषा, शेडिंग नाही. बहुतेक चित्रकारांचा नियम असतो की बदल सुचवायचे ते इथेच, आणि या टप्प्यानंतर आगाऊ रक्कम परत नाही. कागदाचे दात भरल्यावर नाक सरकवता येत नाही हे वर आलंच आहे. पण गिऱ्हाइकाची पंचाईत अशी की रेषांचं चित्र माणसासारखं दिसतच नाही. ‘हे बाबा वाटत नाहीत’ हा निरोप जवळजवळ प्रत्येक ऑर्डरीत जातो. मग रेखाटनात पाहायचं काय? अंतरं. दोन डोळ्यांमधलं, नाकाच्या टोकापासून वरच्या ओठापर्यंतचं, कानाच्या पाळीची पातळी, चष्म्याची काडी कुठून जाते, मंगळसूत्र आणि पदर बरोबर आहेत का, टिकली कोणत्या आकाराची होती. फोटो आणि रेखाटन सारख्या मापाला आणून शेजारी ठेवलं की हे कोणालाही तपासता येतं. आणि हे काम एकानेच करावं. तीन भावंडांनी तीन मतं कळवली की एकाला आजारपणापूर्वीचे वडील आठवत असतात, दुसऱ्याला शेवटचे.

याच टप्प्यावर ती विनंती येते: ‘जरा उजळ करा.’ कधी संकोचाने, कधी सरळ. मला हा प्रकार आवडत नाही हे कबूल, पण आवडीनिवडीपलीकडे त्यात एक कामाची अडचणही आहे. पेन्सिलचित्रात चेहऱ्याची ओळख मधल्या करड्या छटांवर उभी असते. सावळ्या त्वचेवर कपाळ, नाकाचा कणा, गालाचं हाड इथे उजेड ठळक चमकतो आणि त्याच्या कडेच्या मधल्या छटांमुळे हाडांचा आकार कळतो. त्या छटा फिक्या केल्या की हाडं सपाट होतात, आणि आवडत्या माणसाच्या जागी गोरा, गुळगुळीत, अनोळखी माणूस येतो. काही चित्रकार स्पष्ट नकार देतात. काही जण ‘करतो’ म्हणतात आणि पार्श्वभूमी गडद करतात. शेजारी काळोख आला की तोच चेहरा उजळ वाटतो आणि घरचे खूश होतात. दुसऱ्या मार्गातली लबाडी मला माफ करावीशी वाटते.

खऱ्या चित्राऐवजी फोटोवर पेन्सिलीचा परिणाम चढवून छापलेला कागद पाठवणारेही या धंद्यात आहेत. चित्र खिडकीशी नेऊन तिरकं धरलं तर ग्राफाइटचे गडद भाग चमकतात आणि थरांच्या दिशा दिसतात. छापील कागद सगळीकडे सारखा मंद किंवा सारखा चमकदार राहतो. भिंगाखाली शाईचे ठिपके दिसतात. अर्ध्या झालेल्या चित्राचा फोटो मागणं हा त्याहून सोपा मार्ग आहे, आणि प्रामाणिक चित्रकार तो न मागताच पाठवतो, कारण उरलेली रक्कम कुरिअरआधी यायची असते.

एक कायद्याची बाब गिऱ्हाइकांना आणि पुष्कळ चित्रकारांनाही ठाऊक नसते. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक सर्वसाधारणपणे कलाकार असतो. पण कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेलं व्यक्तिचित्र हा त्याला अपवाद आहे: वेगळा करार नसेल तर कॉपीराइट सांगणाऱ्याचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा. तेव्हा चित्रकाराला ते चित्र आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवायचं असेल, त्याच्या प्रती काढायच्या असतील, तर ते ऑर्डरीच्या वेळीच लिहून घ्यायला हवं. दिवंगत माणसाचा चेहरा जाहिरातीत फिरलेला सगळ्या घरांना चालत नाही. चित्राखालची सही आणि कलाकार म्हणून नाव मात्र कॉपीराइट कोणाकडेही असलं तरी चित्रकाराचंच.

नाशिकच्या घरात चित्र पोचतं ते सपाट, दोन कडक पुठ्ठ्यांच्या मधे, वर बटर पेपर. कोळसा वापरला असेल तर ते गुंडाळीत पाठवलेलं घेऊ नये. फिक्सेटिव्ह मारलेलं असलं तरी घासून काळेपणा शेजारच्या गालावर पसरतो. काच लावून पाठवायला कोणी तयार होत नाही, झालाच तर अ‍ॅक्रिलिक शीट लावतो. फ्रेम गावातच करायची आणि फ्रेमवाल्याला एकच गोष्ट बजावून सांगायची: कडेने माऊंट घाल, कागद काचेला टेकता कामा नये. हा माऊंट पैसे वाचवायला गाळला जातो. मग पावसाळ्यात काचेच्या आतून दमट वाफ धरते, कागद तिथे चिकटतो आणि गालावर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. दिवंगतांच्या चित्राला तर रोज ताज्या फुलांचा हार असतो, त्याचं पाणी फ्रेमच्या खालच्या खाचेत उतरतं. फ्रेमवाल्याकडून मागची बाजू कागदी पट्टीने बंद करून घ्यावी, खाली दोन रबरी बुच लावून फ्रेम भिंतीपासून जरा सुटी ठेवावी, आणि हार घालायचाच तर तो झटकून, पाणी निथळल्यावर.